टीडीएसचं चलन आणि बँकेतलं डेबिट: रक्कम जुळली तरी जुळवणी चुकते ती कुठे?

टीडीएसचं चलन समोर आहे, बँक स्टेटमेंटमध्ये तेवढ्याच रकमेचं डेबिट दिसतंय, टिक मारली आणि पुढची नोंद घेतली. बहुतेक ठिकाणी जुळवणी अशीच होते, आणि बहुतेक महिने ती बरोबरही निघते. चुकते ती नेमकी त्या महिन्यात, जेव्हा सात तारखेला संध्याकाळी पोर्टल अडकतं, एकच रक्कम दोनदा जाते किंवा दोन वेगवेगळ्या कलमांखाली सारखीच रक्कम भरायची असते. अशा महिन्यातली चूक बँक रिकन्सिलिएशनमध्ये दिसत नाही, कारण शेवटची शिल्लक बरोबर येते. ती कळते तिमाही विवरणपत्र तपासताना, किंवा त्यानंतर व्याजाची मागणी आल्यावर.

म्हणून इथे एकच गोष्ट नीट पाहू. आयकर पोर्टलवरून नेट बँकिंगने भरलेलं टीडीएसचं चलन धंद्याच्या खात्यातल्या डेबिटशी कसं जुळवायचं, आणि रक्कम सारखी असताना कोणतं डेबिट कोणत्या चलनाचं हे कसं ठरवायचं.

चलनावर काय वाचायचं

पोर्टलवर टॅनने लॉगिन केल्यावर `e-Pay Tax` मध्ये `Payment History` असा टॅब आहे. भरणा पूर्ण झालेलं प्रत्येक चलन तिथे मिळतं. ईमेलवर आलेली किंवा कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत वापरू नका, प्रत्येक महिन्याची पावती इथूनच उतरवून घ्या.

पावतीवर बरेच क्रमांक असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला सीआरएन. हा चलन तयार करताना मिळतो, पैसे भरण्याआधी. त्यामुळे सीआरएन आहे म्हणजे कर भरला असं होत नाही. सीआरएन पंधरा दिवस चालतो, तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर तो बाद होतो. पैसे भरल्यावर सीआयएन तयार होतो आणि त्याच पावतीवर बीएसआर कोड, चलन क्रमांक आणि `Tender Date` येते. बीएसआर कोड सात अंकी, चलन क्रमांक पाच अंकी. विवरणपत्रात चलनाची ओळख म्हणून बीएसआर कोड, तारीख आणि चलन क्रमांक हे तिन्ही लागतात.

या सगळ्यात बँकेशी जुळवायला सर्वांत उपयोगी क्रमांक मात्र वेगळाच आहे. पावतीवर `Bank Reference Number` असं लिहिलेलं असतं. हा बँकेने त्या व्यवहाराला दिलेला स्वतःचा क्रमांक. चलनाची बाजू आणि बँकेची बाजू एकमेकींना भेटतात ती इथे.

बँकेच्या बाजूने काय मिळतं

स्टेटमेंटमधला तपशील बँकेगणिक वेगळा असतो. कुठे `CBDT` दिसतं, कुठे `DTAX`, कुठे नुसता `TAX` शब्द आणि पुढे अंकांची रांग. त्या रांगेत बँक रेफरन्स क्रमांक किंवा सीआरएन असला तर काम सोपं. तुमच्या बँकेत नेमकं काय येतं हे एकदाच, अगदी निर्विवाद असलेल्या जुन्या महिन्यावरून पाहून ठेवा. चलनाची पावती आणि त्याचं डेबिट शेजारी ठेवलं की तपशिलातला कोणता तुकडा पावतीवरच्या कोणत्या क्रमांकाशी जुळतो ते लगेच कळतं.

काही बँकांच्या छापील स्टेटमेंटमध्ये तपशील मधेच तुटतो. अशा वेळी पीडीएफ सोडा आणि एक्सेल किंवा सीएसव्ही उतरवा, त्यात बहुतेक वेळा पूर्ण ओळ मिळते. तिथेही नसेल तर नेट बँकिंगमध्ये त्या व्यवहाराचा तपशील उघडून रेफरन्स क्रमांक घ्यावा लागतो.

एक्सेलमध्ये आणताना एक खबरदारी घ्यावीच लागते. बीएसआर कोड आणि चलन क्रमांक पुष्कळदा शून्याने सुरू होतात. एक्सेल त्यांना संख्या समजून पुढची शून्यं काढून टाकतं आणि `00417` चं `417` होतं. लांब रेफरन्स क्रमांकाचं तर `2.50807E+13` असं काहीतरी होऊन बसतं, आणि पंधरा अंकांपेक्षा मोठा क्रमांक असेल तर शेवटचे अंक कायमचे जातात. म्हणून डेटा चिकटवण्याआधी हे कॉलम `Text` करून घ्या. नंतर केलं तर गेलेले अंक परत येत नाहीत.

एका महिन्याचं उदाहरण

समजा, एक छोटा इंजिनिअरिंग वर्कशॉप आहे. जुलै २०२५ मध्ये त्याने तीन प्रकारचा टीडीएस कापला. (हे आर्थिक वर्ष २०२५-२६ चं उदाहरण आहे, म्हणून कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत.) जॉबवर्क करणाऱ्या कंपनीच्या ४,६५,९८० रुपयांच्या बिलावर १९४सी खाली दोन टक्क्यांनी ९,३१९.६० रुपये. सल्लागाराच्या १,२०,००० रुपयांच्या फीवर १९४जे खाली १२,००० रुपये. आणि गोडाऊनच्या १,२०,००० रुपये भाड्यावर १९४आय खाली, पुन्हा १२,००० रुपये. भाड्यावरचा टीडीएस ४ जुलैला कापला. हे सगळं भरायची शेवटची तारीख ७ ऑगस्ट, गुरुवार.

पोर्टलवर कलमागणिक वेगळं चलन बनतं, म्हणून तीन चलनं. ऑगस्टच्या स्टेटमेंटमध्ये मात्र पाच नोंदी दिसतात:

| तारीख | तपशिलातले शेवटचे अंक | डेबिट | क्रेडिट |
|---|---|---|---|
| ०७-०८-२०२५ | ४४१० | ९,३२०.०० | |
| ०७-०८-२०२५ | ४४३८ | १२,०००.०० | |
| ०७-०८-२०२५ | ४४९२ | १२,०००.०० | |
| ०८-०८-२०२५ | ५१०७ | १२,०००.०० | |
| १२-०८-२०२५ | ४४९२ | | १२,०००.०० |

पहिली नोंद सरळ आहे. पुस्तकात ९,३१९.६० आहे, चलन पूर्ण रुपयात भरलं म्हणून ९,३२०. चाळीस पैशांचा फरक राउंड ऑफमध्ये टाका. तो टीडीएस देय खात्यात ठेवला तर वर्षअखेरीला असे सुटे पैसे जमा होतात आणि खातं शून्यावर येत नाही.

आता बारा हजारांच्या चार ओळी. घाईत कुणीही असंच म्हणेल: सात तारखेची दोन डेबिट म्हणजे सल्लागार आणि भाडं, दोन्ही वेळेत भरली. आठ तारखेचं डेबिट चुकून दुसऱ्यांदा गेलं आणि ते बारा तारखेला परत आलं. बेरीज जुळते, शिल्लक जुळते, बँक रिकन्सिलिएशन पूर्ण होतं.

पण पावत्या उघडून पाहा. १९४जे च्या पावतीवर बँक रेफरन्स ४४३८ ने संपतो, तारीख ७ ऑगस्ट. १९४आय च्या पावतीवर तो ५१०७ ने संपतो आणि तारीख आहे ८ ऑगस्ट. ४४९२ ने संपणारी पावती कुठेच नाही. पोर्टलवर भाड्याच्या पहिल्या प्रयत्नाचं चलन अयशस्वी दिसतं. म्हणजे घडलं असं: सात तारखेला भाड्याच्या चलनाचे पैसे खात्यातून गेले, पण भरणा पूर्ण झाला नाही. दुसऱ्या दिवशी नवं चलन काढून पुन्हा भरलं. बँकेने परत केले ते सात तारखेचे पैसे, आणि परताव्याच्या ओळीतही ४४९२ च आहे.

परिणाम काय? भाड्यावरचा टीडीएस एक दिवस उशिरा भरला गेला. उशिराच्या भरण्यावर कलम २०१(१ए) खाली दरमहा दीड टक्का व्याज लागतं, आणि ते देय तारखेपासून मोजत नाहीत, तर ज्या दिवशी कर कापला त्या दिवसापासून. महिन्याचा भाग म्हणजे पूर्ण महिना. ४ जुलै ते ८ ऑगस्ट म्हणजे दोन महिने, तीन टक्के, ३६० रुपये. रक्कम लहान आहे. पण चलनाची तारीख ७ ऑगस्ट धरून विवरणपत्र तयार केलं तर ते चलनच जुळत नाही, आणि हेच उदाहरण बारा हजारांऐवजी बारा लाखांचं असतं तर व्याज ३६,००० झालं असतं.

जुळवणीचा क्रम

या उदाहरणावरूनच क्रम ठरतो. चलनाच्या बाजूने सुरुवात करा, बँकेच्या नाही. एका शीटवर महिन्यातली सगळी चलनं घ्या: कलम, तारीख, रक्कम, बँक रेफरन्स, बीएसआर कोड, चलन क्रमांक. दुसऱ्या शीटवर बँकेचा उतारा. मग प्रत्येक चलनासाठी बँकेत किती उमेदवार आहेत ते मोजा. चलनाच्या शीटमध्ये तारीख बी कॉलमला आणि रक्कम सी कॉलमला असेल, आणि `Bank` नावाच्या शीटमध्ये तारीख ए ला आणि डेबिट सी ला असेल, तर:

```
=COUNTIFS(Bank!C:C,C2,Bank!A:A,">="&B2-3,Bank!A:A,"<="&B2+3)
```

उत्तर १ आलं तर ती ओळ जवळजवळ नक्की, रेफरन्स एकदा डोळ्याखालून घाला आणि पुढे जा. ० आलं तर डेबिट दुसरीकडे आहे, त्याबद्दल खाली. २ किंवा जास्त आलं तर थांबा. अशा ओळी रकमेवरून कधीच जुळवायच्या नाहीत, फक्त रेफरन्स क्रमांकावरून. आपल्या उदाहरणात ९,३२० ला १ येतो आणि बारा हजारांच्या दोन्ही चलनांना ३ येतो. सगळ्याच ओळींना शून्य येत असेल तर बहुधा बँकेच्या तारखा एक्सेलने मजकूर म्हणून घेतल्या आहेत. त्या आधी खऱ्या तारखा करून घ्या.

चलनं संपल्यावर बँकेकडे वळा आणि उरलेली करसदृश डेबिट पाहा. ज्या डेबिटला चलन नाही, त्याला परतावा असलाच पाहिजे. ४४९२ चं डेबिट टीडीएस देय खात्याला लावू नका. ‘अयशस्वी कर भरणा, बँकेकडून येणे’ असं एक तात्पुरतं खातं ठेवा, सात तारखेला ते नावे करा आणि बारा तारखेचं क्रेडिट आल्यावर बंद करा. महिनाअखेरीला त्या खात्यात काही उरलं असेल तर नेमका कोणता व्यवहार अडकला आहे ते लगेच दिसतं. हे खातं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण परतावा आला नाही हे लक्षात आणून देणारी दुसरी जागा पुस्तकात नाही.

परतावाही नाही आणि चलनही नाही, अशी ओळ राहिली तर आधी `Payment History` पुन्हा तपासा. कधीकधी बँकेकडून उशिरा दुजोरा येतो आणि पहिलं चलनही पूर्ण होतं. तसं झालं तर एकाच रकमेची दोन खरी चलनं हातात येतात. पैसे बुडत नाहीत. जादा चलन त्याच टॅनखाली त्याच आर्थिक वर्षातल्या पुढच्या तिमाहीला वापरता येतं, नाहीतर ट्रेसेसवरून परतावा मागता येतो. दोन्हीकडे काहीच दिसत नसेल तर बँकेकडे रेफरन्स क्रमांकासह लेखी तक्रार करा. बँकेला सीआरएनपेक्षा तिचा स्वतःचा क्रमांक लवकर सापडतो.

डेबिटची तारीख वेगळी, चलनाची वेगळी

कायद्याला चलनावरची तारीख लागते, बँकेतली नाही. नेट बँकिंगमध्ये दोन्ही सहसा एकच असतात. एनईएफटी किंवा आरटीजीएसने भरलं तर तसं असेलच असं नाही. तिथे पोर्टलवरून मँडेट फॉर्म निघतो, तुमची बँक तो पैसा पुढे पाठवते, आणि सरकारच्या खात्यात तो पोचल्यावर चलन तयार होतं. सात तारखेला दुपारी खात्यातून पैसे गेले आणि चलनावर आठ तारीख आली तर स्टेटमेंट दाखवून उपयोग होत नाही. ज्यांना ही पद्धत वापरावीच लागते त्यांनी देय तारखेच्या निदान एक दिवस आधी भरावं. काउंटरवर चेकने भरणाऱ्या छोट्या धंद्यात उलट होतं: चेक दिल्यानंतर तो वटायला वेळ लागतो आणि डेबिट मागाहून दिसतं. म्हणूनच वरच्या सूत्रात मागे तीन आणि पुढे तीन दिवस घेतले आहेत.

पुस्तकात भरण्याच्या व्हाउचरवर बँकेची तारीख टाका म्हणजे बँक जुळते, आणि नॅरेशनमध्ये चलनाची तारीख, बीएसआर कोड, चलन क्रमांक आणि बँक रेफरन्स लिहा. सहा महिन्यांनी ऑडिटरने विचारलं तर फाइल उघडावी लागत नाही.

डेबिट सापडत नाही, किंवा जास्त सापडतं

चलन आहे आणि धंद्याच्या खात्यात डेबिट नाही, याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पैसे दुसऱ्या खात्यातून गेले. सात तारखेला चालू खात्याचं नेट बँकिंग बंद पडलं आणि मालकांनी स्वतःच्या बचत खात्यातून भरलं. कर भरला गेला, चलन तुमच्याच टॅनवर आहे, त्यात काही अडचण नाही. चलनावर बँकेचं नाव असतं, ते आधी वाचा. ते तुमच्या बँकेचं नसेल तर नोंद बँकेतून न करता मालकाच्या भांडवल खात्यातून करा, भागीदाराच्या किंवा संचालकाच्या बाबतीत पुस्तकातल्या त्याच्या नावच्या खात्यातून. कॅश क्रेडिट खातं वेगळं असेल तर तिथेही पाहा. घाईत कुणी कोणतं खातं निवडलं हे लक्षात राहत नाही.

डेबिट चलनापेक्षा किंचित मोठं असेल तर पेमेंट गेटवेचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी त्यात मिसळलेला असतो. एनईएफटीला शुल्क लागलंच तर ते वेगळ्या ओळीत येतं. दोन्ही बँक खर्चात जातात. टीडीएस देय खात्याला फक्त चलनातला कराचा आकडा लावा, आणि चलनात व्याज भरलं असेल तर ते वेगळ्या व्याज खात्याला.

बँकेला जे दिसत नाही

बँकेशी चलन अचूक जुळलं तरी ते चुकीच्या वर्षात किंवा चुकीच्या शीर्षाखाली गेलेलं असू शकतं. त्याबद्दल बँकेला काही माहीत नसतं. म्हणून जुळवताना पावतीवरच्या आणखी तीन गोष्टी वाचा. टॅन तुमचाच आहे का. एकाच मालकाच्या दोन फर्म असतील तिथे ही चूक होते. कर निर्धारण वर्ष बरोबर आहे का; जुलै २०२५ च्या टीडीएसला ते २०२६-२७ असायला हवं. आणि मायनर हेड २०० आहे का, कारण ४०० हे विभागाच्या मागणीपोटी भरायच्या रकमेसाठी आहे.

शेवटची खात्री सीएसआय फाइलने होते. टॅनच्या लॉगिनमधून तारखांची मुदत देऊन ती उतरवता येते आणि त्या मुदतीत तुमच्या टॅनवर जमा झालेली चलनं त्यात असतात. तिमाही विवरणपत्र तपासणारी सुविधा त्यातला बीएसआर कोड, तारीख, चलन क्रमांक आणि रक्कम याच फाइलशी ताडून पाहते. तिमाही संपेपर्यंत थांबू नका, जुळवणी झाली की दर महिन्याला ही फाइल घ्या. आपल्या उदाहरणातल्या चुकीच्या जुळवणीत ७ ऑगस्टच्या भाड्याच्या चलनाचा इथे पत्ताच लागला नसता, आणि ऑक्टोबरअखेरीला विवरणपत्राच्या घाईत नव्हे, ऑगस्टमध्येच ते कळलं असतं.

जीएसटीच्या चलनाला हेच लावताना

क्रम तोच, नावं वेगळी. सीआरएनच्या जागी चौदा अंकी सीपिन आणि भरल्यावर सतरा अक्षरांचा सीआयएन. एनईएफटीने भरलेलं डेबिट ओळखायला सोपं असतं, कारण पैसे `RBIS0GSTPMT` या आयएफएससीवर जातात आणि खाते क्रमांकाच्या जागी सीपिनच असतो. फरक आहे तो नोंदीत. जीएसटीचं चलन भरलं की पैसे इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये जमा होतात, कर तेव्हाच फिटत नाही. ३बी भरताना तो वळता होतो. म्हणून बँकेतलं डेबिट थेट सीजीएसटी, एसजीएसटी देय खात्यांना लावू नका. ‘इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर’ नावाचं खातं नावे करा आणि ३बी भरल्याच्या तारखेला त्यातून देय खातं फेडा. असं केलं तर त्या खात्याची शिल्लक कोणत्याही दिवशी पोर्टलवरच्या कॅश लेजरशी थेट ताडता येते.